तीन टिंबांच्या अलीकडचं नाव

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत आंब्याची बोलणी फोनवरच सुरू होतात. तीन-चार बागायतदारांना इन्स्टाग्रामवर भाव विचारायचा, पेटीचे फोटो मागवायचे, घरात चर्चा करायची आणि मग एकाला होकार कळवायचा. संध्याकाळी उत्तरं येऊ लागतात आणि चॅटच्या यादीत एकाखाली एक ओळी दिसतात: `devgad_hapus_a…`, `devgad_hapus_k…`, `devgad_hapus_…`. डझनाला कमी भाव सांगणारे यातले कोणते आणि गेल्या वर्षी ज्यांचा आंबा गोड निघाला होता ते कोणते, हे कळायला प्रत्येक ओळ उघडून पाहावी लागते. घाईत असलेलं गिऱ्हाईक एवढे कष्ट घेत नाही. सगळ्यात वरची ओळ उघडतं आणि तिथेच सौदा करून मोकळं होतं.

यात बागायतदाराचा आंबा कमी पडला नाही, भावही नाही. कमी पडलं ते यूजरनेम, आणि तेही पूर्ण नव्हे. पूर्ण नावात सगळी माहिती होती. गिऱ्हाइकापर्यंत पोचला तो फक्त तीन टिंबांच्या अलीकडचा तुकडा. आपण नाव ठरवतो ते नोंदणीच्या पानावरच्या मोकळ्या चौकटीत, जिथे ते पूर्ण दिसतं. लोक मात्र ते बहुतेक वेळा अरुंद जागेत, कापलेल्या रूपात वाचतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते कापल्यावर कसं दिसतं, हे तपासून घ्यावं लागतं. ही तपासणी अवघड नाही, पण नाव नेमकं कसं कापलं जातं हे आधी माहीत हवं.

कात्री अक्षरं मोजत नाही

पुष्कळांची समजूत अशी की ॲप ठरावीक अक्षरांनंतर, म्हणजे पंधरा किंवा वीस झाल्यावर, नाव तोडतं. काही ठिकाणी तसं होतंही, पण सर्वसाधारण रीत वेगळी आहे. ॲप नावासाठी जागा राखून ठेवतं, ती जागा रुंदीत मोजलेली असते आणि तेवढ्या रुंदीत जेवढं मावेल तेवढंच दाखवलं जातं. उरलेल्याच्या जागी `…` हे चिन्ह येतं. दिसायला ती तीन टिंबं असली तरी संगणकाच्या लेखी ते एकच अक्षर आहे, आणि त्यालाही जागा लागते. वेब पानांवर हे काम `text-overflow: ellipsis` अशा एका ओळीच्या सूचनेने होतं. त्या सूचनेला शब्द कुठे संपतो, आडनाव कुठे सुरू होतं, याच्याशी काही देणंघेणं नसतं. जागा संपली की ती तोडते.

रुंदीने मोजायचं म्हटलं की प्रत्येक अक्षराची किंमत वेगळी होते. उदाहरणासाठी एरियल हा सर्वांच्या ओळखीचा फॉन्ट घेऊ. त्यात अक्षराच्या आकाराचे हजार भाग मानले, तर `i` आणि `l` यांची रुंदी प्रत्येकी 222 भाग असते. `a`, `b`, `d`, `e` अशा नेहमीच्या अक्षरांची 556, `w` ची 722 आणि `m` ची 833. म्हणजे ओळीने लिहिलेले दहा `i` तीन `m` पेक्षाही कमी जागा घेतात. अंडरस्कोर `_` हा दिसायला नुसती रेघ, पण तो पूर्ण 556 भाग खातो. टिंब `.` मात्र 278 भागांत, म्हणजे बरोबर निम्म्यात भागतं. अँड्रॉइड आणि आयफोन यांचे स्वतःचे फॉन्ट वेगळे आहेत आणि त्यांची मापंही थोडी वेगळी आहेत. अक्षरांमधला हा लहानमोठेपणा मात्र सगळीकडे साधारण असाच असतो.

कॅपिटल अक्षरं आणखी रुंद असतात. `bagwe` हे आडनाव छोट्या लिपीत 2,946 भाग घेतं, तेच `BAGWE` असं लिहिलं की 3,723. पाव भागाहून जास्त वाढ! इन्स्टाग्रामचं यूजरनेम छोट्या लिपीतच राहतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. पण नावाच्या वर जे दुसरं, मोकळेपणाने लिहिता येणारं प्रदर्शनी नाव असतं, ते ठसठशीत दिसावं म्हणून अनेक जण सगळं कॅपिटलमध्ये लिहितात. शिवाय सुरुवातीला आंब्याचं किंवा फुलाचं चित्र टाकतात. ते एक चित्र साधारण दोन अक्षरांची जागा खातं. नाव ठळक होतं खरं, पण त्याच कारणाने लवकर कापलंही जातं.

एका नावाची मोजणी

आता एक नाव घेऊन हिशेब करून पाहू. समजा, देवगडकडच्या एका बागायतदार कुटुंबाला इन्स्टाग्रामवर खातं काढायचं आहे. कुटुंबाचं काल्पनिक नाव बागवे बंधू. इन्स्टाग्राम यूजरनेमला 30 अक्षरांची मुभा देतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सगळी माहिती बसवून नाव सुचवलं: `devgad_hapus_amba_bagwe_bandhu`. मोजून पाहा, बरोबर 30 अक्षरं. गाव आलं, जात आली, फळ आलं, आडनाव आलं, भाऊ आले. वाचणाऱ्याला काही विचारायची गरजच नाही, असं वाटावं असं नाव.

एरियलच्या मापाने या नावाची रुंदी 17,011 भाग भरते. अक्षराचा आकार 14 पिक्सेल धरला तर ती 238 पिक्सेल होते. समजा, यादीतल्या ओळीत नावासाठी 150 पिक्सेल आहेत. तीन टिंबांच्या चिन्हाची जागा सोडली की नावाला 136 उरतात. एवढ्यात मावतं ते असं: `devgad_hapus_amba…`. गाव, जात आणि फळ राहिलं. बागवे गेले आणि बंधूही गेले.

राहिलेल्या तुकड्यात वेगळं असं काय आहे? 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. तिथला नोंदणी केलेला प्रत्येक बागायतदार हापूस हा शब्द हक्काने वापरू शकतो, आणि देवगड तालुक्यातला प्रत्येक जण त्याच्या आधी गावाचं नाव लावतो. म्हणजे कात्रीने जे राखलं ते सगळ्यांचं सामाईक आहे, आणि जे टाकलं ते एकट्या बागव्यांचं होतं.

आता तेच शब्द उलट्या क्रमाने लावू आणि दोन शब्द वगळू: `bagwe_hapus_devgad`. ही अठरा अक्षरं 10,062 भागांत बसतात, म्हणजे 14 पिक्सेल आकारात सुमारे 141 पिक्सेल. तेवढ्याच 150 पिक्सेलच्या जागेत हे नाव अख्खं मावतं.

इथे थांबायचं नाही. गिऱ्हाइकांमध्ये पन्नाशी-साठी ओलांडलेले बरेच असतात आणि त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात. अक्षरांचा आकार तीस टक्क्यांनी वाढवला आणि जागा तेवढीच ठेवली, तर पहिलं नाव `devgad_hapus_…` एवढंच उरतं आणि दुसरं `bagwe_hapus_…` होतं. दोन्ही कापली गेली, जवळपास सारख्याच ठिकाणी कापली गेली. पण पहिलं कुणाचंही असू शकतं, आणि दुसरं मात्र बागव्यांचंच राहिलं.

अंडरस्कोरऐवजी टिंबं घातली तर `bagwe.hapus.devgad` आणखी आठ पिक्सेल वाचवतं, आणि मोठ्या अक्षरांतही `bagwe.hapus.d…` इतकं दिसतं. बचत खरी आहे, पण तिला दोन अडचणी चिकटतात. एक म्हणजे नाव नेमकं टिंबापाशी तुटलं तर चार टिंबं ओळीने दिसतात आणि ती टायपिंगची चूक वाटते. दुसरी अडचण मोठी आहे. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, यूजरनेममध्ये टिंब चालतच नाही. तिथे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं आणि तेही पंधरा अक्षरांच्या आत. सगळीकडे एकच नाव ठेवायचं असेल तर टिंबाचा मोह सोडलेला बरा.

कापलं जाण्याच्या तीन जागा

नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर यांच्यात जागेसाठी ओढाताण असते. फोन खिशातून काढला, कुलूप न उघडता नुसती नजर टाकली, तर मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये जेमतेम एक-दोन ओळी दिसतात. ॲपचं चिन्ह, वेळ, पाठवणाऱ्याचं नाव आणि निरोप या सगळ्यांना त्यात बसायचं असतं. नाव आणि निरोप एकाच ओळीत येतात तिथे लांब नाव निरोपाचीच जागा खातं. ही ओढाताण जुनी आहे. 2006 साली ट्विटर सुरू झालं तेव्हा ते एसएमएसवर चालायचं. एसएमएसची मर्यादा 160 अक्षरांची. त्यातली 20 पाठवणाऱ्याच्या नावासाठी बाजूला काढली म्हणून मजकुराला 140 उरली, आणि तोच आकडा पुढे जगभर गाजला. तिथे निदान नावाचा वाटा आधीच ठरवून दिलेला होता. आजच्या नोटिफिकेशनमध्ये तो दर वेळी नव्याने ठरतो.

चॅटच्या यादीत उजवीकडे वेळ किंवा न वाचलेल्या निरोपांचा आकडा असतो, त्यामुळे नावाची ओळ आधीच आखूड झालेली असते. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. निरोप न वाचलेला असेल तर अनेक ॲप नाव ठळक अक्षरांत दाखवतात, आणि ठळक अक्षरं रुंद असतात. वरच्याच हिशेबात पहिलं नाव ठळक केलं तर ते `devgad_hapus_amba…` न राहता `devgad_hapus_amb…` होतं. दुसरं, अठरा अक्षरांचं नाव ठळक रूपात 149 पिक्सेलच्या थोडं पुढे जातं, म्हणजे 150 च्या जागेत अगदी काठावर पास होतं. नवा निरोप आला हे कळायच्या क्षणीच नाव सगळ्यात जास्त कापलेलं असतं. म्हणून वाचून झालेल्या यादीचा स्क्रीनशॉट पाहून समाधान मानू नये.

व्हॉट्सॲपची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे समोरच्याने तुमचा नंबर ज्या नावाने साठवला असेल तेच नाव त्याच्या यादीत दिसतं. तुम्ही प्रोफाइलला दिलेलं नाव दिसतं ते नंबर साठवलेला नसेल तेव्हा, उदाहरणार्थ सोसायटीच्या किंवा गावाकडच्या ग्रुपमध्ये, आणि त्याच्या आधी `~` असं चिन्ह लागतं. ग्रुपच्या ओळीखाली शेवटचा निरोप कुणाचा ते नाव आणि लगेच निरोप, असं एकाच ओळीत येतं. तिथे नाव लांबलं की निरोपाचे दोन-तीन शब्दच उरतात.

कमेंटमध्ये नावाच्या शेजारी बसणारे पाहुणे जास्त. वेळ आली, खातं तपासलेलं असल्याची खूण आली, खातं मूळ पोस्ट टाकणाऱ्याचं असेल तर तसा शिक्का आला. हे सगळे आपली जागा सोडत नाहीत, आखडतं ते नाव. एक्सवर प्रदर्शनी नाव आणि `@` लावलेलं यूजरनेम शेजारी-शेजारी येतात. पहिलं लांब असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला `@bag…` एवढंच येतं. प्रदर्शनी नाव 50 अक्षरांपर्यंत ठेवता येतं, म्हणून ते ठेवलंच पाहिजे असं नाही. यूट्यूबवर कमेंटशेजारी `@` लावलेलं हँडल दिसतं, चॅनेलचं भरभक्कम नाव नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण चॅनेलचं नाव विचारपूर्वक ठेवतात आणि हँडल आपोआप मिळालेलं तसंच राहू देतात.

सगळ्यात अरुंद जागा म्हणजे इन्स्टाग्रामच्या वरच्या पट्टीतल्या स्टोरीच्या वर्तुळांखालची. तिथे नावाला वर्तुळाच्या रुंदीएवढीच जागा. त्या जागेत जे नाव ओळखू येतं, ते कुठेही ओळखू येतं.

उरलेला तुकडा काय म्हणतो?

कापलेलं नाव ओळखू येणं ही एक परीक्षा झाली. दुसरी परीक्षा अशी की उरलेल्या तुकड्याने स्वतःचाच काही अर्थ काढू नये. गडहिंग्लजची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एखाद्या दुकानाने `gadhinglaj_mirchi` असं नाव घेतलं तर अरुंद जागेत `gadhi…` दिसू शकतं. चोरघडे हे आपल्याकडचं सरळसाधं आडनाव, पण मसाले विकायला `chorghade_masale` असं नाव घेतलं आणि ते पाचव्या अक्षरापाशी तुटलं, तर गिऱ्हाइकाच्या फोनवर काय वाजेल ते सांगायला नको. आडनाव बदलायचं नसतं. त्याच्या आधी दोन अक्षरं जोडली किंवा `masale_chorghade` असा क्रम केला, की तुटण्याची जागा पुढे सरकते.

देवनागरीत प्रदर्शनी नाव लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते संगणकासाठी अनेक तुकड्यांचं असतं. "बागवे बंधू देवगड हापूस" यात डोळ्यांना बारा अक्षरं दिसतात. संगणक मात्र काना, मात्रा, अनुस्वार, उकार आणि मधल्या मोकळ्या जागा असं सगळं वेगवेगळं धरतो आणि बावीस मोजतो. म्हणून मराठी नाव अक्षरमर्यादेला लवकर धडकतं. जोडाक्षरं असतील तर आणखी लवकर. "श्रीकृष्ण" या तीन अक्षरांचे नऊ तुकडे होतात.

रुंदीने कापणारं ॲप अक्षर सहसा अख्खं ठेवतं. पण काही ठिकाणी कार्यक्रम लिहिणाऱ्याने "पहिले इतके तुकडे घ्या" अशी सोपी सूचना दिलेली असते. मग श्रीकृष्ण आठव्या तुकड्यापाशी तुटतो आणि "श्रीकृष्…" असा पाय मोडलेल्या ष सकट लटकतो. पाचव्यापाशी तुटला तर क चा ऋकार जातो आणि "श्रीक…" उरतं. शेवटी लोंबकळणारा हलन्त किंवा गायब झालेली मात्रा दिसली, तर समजावं की इथे कात्री रुंदीची नसून मोजणीची आहे. दुसरी खूण स्क्रीन मोठी केल्यावर कळते. फोन आडवा धरला किंवा तेच पान संगणकावर उघडलं आणि नाव पुढे उलगडलं, तर कापणं फक्त दिसण्यापुरतं होतं. जागा भरपूर असूनही नाव तिथेच तुटलेलं राहिलं, तर पाठवतानाच ते कापून पाठवलं गेलं आहे. दिसण्यापुरतं कापलेलं नाव स्क्रीन वाचून दाखवणारी सोय सहसा पूर्ण वाचते. त्यामुळे दृष्टिहीन माणसाला तुमचं सगळं नाव ऐकू येतं, भले ते लांबलचक का असेना.

शेपटीतला धोका

कापलेल्या नावाचा फायदा सगळ्यात आधी भामट्यांनी ओळखला. चालत्या खात्याचं नाव आणि फोटो उचलायचा, शेवटी एक आकडा किंवा एक अंडरस्कोर वाढवायचा, आणि त्या खात्याच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडायचे की पेटी राखून ठेवायची असेल तर आगाऊ पैसे पाठवा. `bagwe_hapus_devgad` आणि `bagwe_hapus_devgad1` ही दोन नावं शेजारी ठेवली तर फरक कुणालाही दिसेल. पण मोठ्या अक्षरांच्या फोनवर दोन्ही `bagwe_hapus_…` अशीच दिसतात, आणि वेगळेपण नेमकं टिंबांच्या आड जातं.

यावर विकणाऱ्याच्या हातात असलेला उपाय म्हणजे नाव इतकं आखूड ठेवणं की ते बहुतेक जागी कापलंच जाऊ नये. बागव्यांनी गावाचं नाव यूजरनेममधून काढून प्रदर्शनी नावात टाकलं आणि `bagwe_hapus` एवढंच ठेवलं, तर ते 6,226 भागांत बसतं. 150 पिक्सेलच्या जागेत वाढवलेल्या अक्षरांतही ते पूर्ण दिसतं. मग नक्कल करणाऱ्याने `bagwe_hapus_1` केलं तरी तेही त्या जागेत पूर्णच दिसतं आणि शेपटी उघडी पडते. आखूड नावामुळे नक्कल थांबत नाही, पण ती लपूही शकत नाही. शिवाय अकरा अक्षरांचं हे नाव एक्सच्या पंधराच्या मर्यादेत बसतं, टेलिग्रामची किमान पाच अक्षरांची अट पाळतं आणि यूट्यूबच्या तीन ते तीसच्या पट्ट्यातही येतं. ते आधीच कुणी घेतलेलं असेल तर शेवटी आकडे चिकटवू नयेत. `bagwebaug` किंवा `bagweamba` असा वेगळा शब्द शोधावा, कारण फरक पुढच्या भागात असला तरच तो दिसतो.

तपासायचं कसं

पहिली तपासणी कागदावर होते. सुचलेलं नाव लिहायचं आणि आठव्या, बाराव्या, सोळाव्या अक्षरानंतर बोट ठेवून उरलेला तुकडा मोठ्याने वाचायचा. आठ अक्षरांत तुमचं असं काही आलं का? बारा अक्षरांत धंदा कळला का? कुठल्या तुकड्याचा भलता अर्थ निघतो का? घरातल्या ज्या माणसाने पूर्ण नाव पाहिलेलं नाही, त्याला तो तुकडा दाखवून "हे कुणाचं वाटतं?" असं विचारलं तर उत्तर लगेच मिळतं.

यातून तरलेलं नाव फोनवर बघायचं. त्यासाठी चालू खात्याचं नाव बदलून पाहू नये. जुन्या नावाचे दुवे तुटतात, लोक गोंधळतात, आणि सोडलेलं नाव दुसऱ्याने घेतलं तर ते परत मिळेलच असं नाही. त्यापेक्षा निवडलेल्या नावाने नवं खातं काढावं, तिथून घरातल्या दुसऱ्या फोनवर निरोप पाठवावा आणि तो फोन कुलूपबंद ठेवूनच नोटिफिकेशन पाहावं. मग कुलूप उघडून, निरोप न वाचता, चॅटच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यावा. त्यानंतर एखाद्या पोस्टवर कमेंट करून दुसऱ्या खात्यावरून तिला उत्तर द्यावं, म्हणजे उत्तराच्या सुरुवातीला आपोआप जोडलं जाणारं `@` सकटचं नाव किती जागा खातं तेही कळतं. शेवटी एक स्टोरी टाकून वर्तुळाखालचं नाव बघावं.

हे सगळं झालं की दुसऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार शेवटपर्यंत वाढवावा आणि तेच स्क्रीनशॉट पुन्हा घ्यावेत. अँड्रॉइडमध्ये फॉन्टचा आकार आणि डिस्प्लेचा आकार या दोन वेगळ्या सोयी आहेत. ज्येष्ठांच्या फोनवर बहुधा दोन्ही वाढवलेल्या असतात, म्हणून दोन्ही वाढवून पाहाव्यात. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं दुप्पट मोठी करता येतात. त्या मापात जवळजवळ कोणतंही नाव कापलं जाणारच. तिथे नाव पूर्ण दिसावं ही अपेक्षा ठेवायची नाही, पहिला शब्द शाबूत राहिला की झालं.

स्क्रीनशॉटमध्ये किती अक्षरं दिसली तो आकडा मात्र पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. फोन बदलला, ॲपची नवी आवृत्ती आली, नावाशेजारी एखादी खूण वाढली, की तो आकडा बदलतो. टिकतो तो क्रम: जे फक्त तुमचं आहे ते आधी, जे धंद्याचं आहे ते नंतर, आणि जे सगळ्या तालुक्याचं आहे ते शेवटी, किंवा नावात नकोच.

विकणाऱ्यांनी ही तपासणी पेटीवरची लेबलं छापायला टाकण्याआधी करावी, कारण खात्याचं नाव बदलता येतं, छापून आलेल्या लेबलावरचं बदलता येत नाही. आणि विकत घेणाऱ्यांनी आगाऊ पैसे पाठवण्याआधी एवढंच करावं: नोटिफिकेशनवरून व्यवहार न करता खातं उघडून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं, आणि पैसे पाठवताना यूपीआय ॲपमध्ये दिसणारं खातेदाराचं नाव त्याच्याशी ताडून पाहावं.